बारा ओळींचा पगार

भोसरीच्या एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक व्हीएमसी आणि मालक सोडून बारा माणसं. पूर्वी अशा ठिकाणी सात तारखेला मालक बँकेतून नोटा आणायचे आणि संध्याकाळी टेबलावर पाकिटं मांडली जायची. पाकिटावर नाव, आत मोजलेले पैसे, समोर मस्टर आणि त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प. एकाचं पाकीट दुसऱ्याला जाणं जवळजवळ अशक्यच होतं, कारण देणारा घेणाऱ्याचं तोंड बघूनच पाकीट पुढे करायचा.

आज तोच पगार एका फाइलीतून जातो. माणशी एक ओळ, बारा माणसांच्या बारा ओळी. नेट बँकिंगवर फाइल चढवली, मंजुरी दिली, की पगार झाला. या पद्धतीत एक गोष्ट मात्र हरवली आहे. फाइलीला तोंड ओळखता येत नाही, आणि बँकेची यंत्रणा पैसे जमा करताना नावाकडेही बघत नाही. ती खाते क्रमांक बघते. रिझर्व्ह बँकेने २०१०मध्येच बँकांना कळवलं होतं की इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येईल, आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची. म्हणजे पाकिटावर नाव कितीही ठळक लिहिलं, तरी ते क्रमांकाच्या पत्त्यावरच पोचणार. फाइल करून पगार देणाऱ्या छोट्या मालकाचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

रोखीकडे परत जाणंही सोपं नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च प्राप्तिकरात धंद्याचा खर्च म्हणून धरला जात नाही. एकेकाला स्वतंत्रपणे पैसे पाठवायचे, तर बारा वेळा रक्कम टाका, बारा वेळा ओटीपीची वाट बघा. त्यात सातव्या माणसाच्या वेळी फोन वाजला आणि परत आल्यावर सातवा झाला की राहिला, हे आठवेना, असं होतंच. शिवाय मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत दिला पाहिजे, असं कायदा सांगतो. म्हणून फाइल.

या वर्कशॉपचा हिशेब आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या एक ताई बघतात. ऑक्टोबरचा पगार त्या कसा करतात, ते बघू.

पहिलं काम बँकेचं नाहीच, मस्टरचं आहे. बारावा माणूस घ्या. त्याचा ठरलेला पगार १८,००० रुपये, हिशेब सव्वीस दिवसांवर, आणि या महिन्यात त्याचे दोन खाडे. १८,००० भागिले २६, गुणिले २४, म्हणजे १६,६१५ रुपये. दहा किंवा अधिक माणसांच्या या वर्कशॉपला ईएसआय लागू आहे. त्यात कामगाराचा वाटा पाऊण टक्का, आणि तो पुढच्या पूर्ण रुपयात धरतात, म्हणून १२५ रुपये. महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० रुपये. दिवाळीआधी त्याने घेतलेल्या उचलीतले ३,००० रुपये या महिन्यात कापायचे. हातात पडणारी रक्कम होते १३,२९० रुपये. पॅकिंगला असलेल्या बाईंना १९,००० रुपये पगार आहे, पण त्यांच्याकडून व्यवसाय कर कापायचा नाही, कारण महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३पासून तो माफ आहे. फेब्रुवारीत हाच कर २०० ऐवजी ३०० होतो. गेल्या महिन्याची फाइल उघडून फक्त महिन्याचं नाव बदलायची सवय असेल, तर चुका इथेच घुसतात.

बारा जणांची बेरीज येते १,८६,४५० रुपये. ताई वहीत दोन आकडे लिहून ठेवतात: बारा, आणि १,८६,४५०. फाइल कुठेही गेली, कोणत्याही पडद्यावर दिसली, तरी हे दोन आकडे तिच्यासोबत जुळले पाहिजेत.

आता फाइल. प्रत्येक बँकेचा तिचा साचा वेगळा असतो आणि तो त्या बँकेच्या कॉर्पोरेट नेट बँकिंगवरून उतरवून घ्यावा लागतो. कुठे रकान्यांचा क्रम वेगळा, कुठे आपल्याच बँकेतल्या खात्यांची फाइल निराळी आणि बाहेरच्या बँकांची निराळी. गाभा मात्र सगळीकडे तोच: पैसे कोणत्या मार्गाने जाणार, खाते क्रमांक, रक्कम, नाव, आयएफएससी आणि पासबुकात उमटणारी छोटी नोंद. काल्पनिक क्रमांक घालून तीन ओळी अशा दिसतील:

```
I,20012345678,15840.00,WORKER 03,,SAL OCT
N,1234567890123456,14875.00,WORKER 09,ABCD0001234,SAL OCT
N,012345678901,13290.00,WORKER 12,WXYZ0005678,SAL OCT
```

इथे `I` म्हणजे त्याच बँकेतलं खातं आणि `N` म्हणजे दुसऱ्या बँकेत एनईएफटीने. शेवटची `SAL OCT` ही नोंद किरकोळ वाटते. पण दोन वर्षांनी हाच कामगार घरासाठी कर्ज मागायला जातो, तेव्हा बँक त्याच्या स्टेटमेंटमध्ये दरमहा पगार म्हणून आलेली रक्कम शोधते, आणि ही नोंद त्याच्या कामी येते.

हा साचा सीएसव्ही प्रकारचा आहे. त्यात दोन रकान्यांमधली भिंत म्हणजे स्वल्पविराम. आपण हौसेने १३,२९० असं लिहिलं, तर बँकेला ते एक रकाना १३ आणि पुढचा रकाना २९० असं दिसू शकतं, आणि पुढचं सगळं एकेक घर सरकतं. म्हणून रक्कम स्वल्पविरामाशिवाय आणि रुपयाच्या चिन्हाशिवाय लिहायची. नावातली टिंबं आणि कंसही अनेक बँकांची यंत्रणा नाकारते.

पण खरा घोळ होतो एक्सेलमध्ये, तोही गुपचूप. एक्सेलला खाते क्रमांक म्हणजे संख्याच वाटते. संख्येच्या सुरुवातीच्या शून्याला किंमत नाही, म्हणून एक्सेल ते काढून टाकतो. बाराव्या माणसाच्या बँकेत खाते क्रमांक शून्याने सुरू होतो, तो असा एक अंक कमी होऊन बसतो. दुसरी गोष्ट, साध्या `General` रकान्यात अकराहून जास्त अंक आले की एक्सेल ती संख्या शास्त्रज्ञांच्या पद्धतीने आखडून दाखवतो, आणि सीएसव्ही म्हणून जतन करताना दिसतं तेच लिहितो. वरच्याच दोन ओळी मग अशा होतात:

```
N,1.23457E+15,14875,WORKER 09,ABCD0001234,SAL OCT
N,12345678901,13290,WORKER 12,WXYZ0005678,SAL OCT
```

यातली पहिली ओळ त्यातल्या त्यात बरी. ती इतकी उघड चुकलेली आहे की बँक ती लगेच फेकून देते. वाईट गोष्ट पुढे आहे. ही `E+15` बघून कोणीतरी रकान्याचं रूप बदलून साधी संख्या करतो आणि समोर सोळा अंकी क्रमांक येतो: `1234567890123450`. सगळं ठीक दिसतं. अंक सोळाच आहेत. पण शेवटचा ६ जाऊन तिथे ० आलेला आहे, कारण एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच लक्षात ठेवतो आणि पुढे शून्य भरतो. पंजाब नॅशनल बँकेचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. भारतीय स्टेट बँकेचा अकरा अंकी क्रमांक या तडाख्यातून सुटतो. म्हणून कित्येक महिने सगळं सुरळीत चालतं, आणि एक दिवस सोळा अंकी खात्याचा नवा माणूस कामाला लागला की पहिल्यांदा गडबड होते. गेलेला अंक रकान्याचं रूप पुन्हा बदलून परत येत नाही. तो पासबुक बघूनच पुन्हा टाकावा लागतो.

उपाय साधा आहे. क्रमांक टाकण्याआधी तो रकाना निवडून त्याचं रूप `Text` करायचं. आधी क्रमांक आणि मग रूप, असं केलं तर उपयोग नाही. सीएसव्ही तयार झाली की ती पुन्हा डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची नाही, कारण उघडताना एक्सेल तेच सगळं परत करतो, आणि मग जतन करायचं का असं विचारल्यावर हो म्हटलं की मोडलेली फाइल कायमची. तपासायची असेल तर नोटपॅडमध्ये उघडायची. तिथे जे दिसतं तेच बँकेला जातं. ताई कामगाराचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक समोर ठेवून, नवीन आलेल्या ओळीचे अंक मागून पुढे वाचतात. पुढून वाचताना डोळा सवयीने पुढे पळतो, मागून वाचताना तसं होत नाही.

आयएफएससीची बाब छोटी आहे. अकरा अक्षरांच्या या कोडमध्ये पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. कोणी पाचव्या जागी इंग्रजी ओ टाकला, तर कोड चुकला. शिवाय जुनी पासबुकं फसवतात. देना बँक आणि विजया बँक २०१९मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि त्यांचे जुने कोड मार्च २०२१पासून बंद झाले. सिंडिकेट बँकेचे कोड त्याच वर्षी जुलैपासून गेले, कारण ती कॅनरा बँकेत गेली होती. नव्या कामगाराने बॅगेच्या तळातून काढलेल्या पासबुकावर यातलं नाव दिसलं, तर आधी नवं पासबुक छापून आणायला सांगावं.

चार तारखेला संध्याकाळी ताई लॉगिन करतात. कॉर्पोरेट नेट बँकिंगमध्ये साधारणपणे दोन माणसं लागतात. एक फाइल चढवतो, त्याला मेकर म्हणतात. दुसरा ती बघून मंजूर करतो, तो चेकर. इथे ताई मेकर आणि मालक चेकर. फाइल चढली की बँक आधी तिची बाह्य तपासणी करते: रकाने बरोबर आहेत का, आयएफएससी अस्तित्वात आहे का, रकमेच्या जागी आकडाच आहे ना. काही बँका एक ओळ चुकली तरी पूर्ण फाइल परत करतात, तर काही चुकलेली ओळ बाजूला ठेवून बाकीच्या पुढे नेतात. आपली बँक यातलं काय करते, हे पहिल्याच महिन्यात बघून ठेवावं. कारण दुसऱ्या प्रकारात चेकरच्या पडद्यावर बारा ऐवजी अकरा ओळी आणि १,७३,१६० रुपये दिसतील, आणि घाईत ते मंजूरही होऊन जाईल. वहीतले दोन आकडे इथे उपयोगी पडतात. १,८६,४५०मधून १,७३,१६० गेले की उरतात १३,२९०, आणि ही रक्कम एकाच माणसाची. कोण राहिलं, ते फाइल न उघडताच कळतं.

चेकरने फक्त बेरीज बघितली तर मात्र पुरेसं नाही. बेरीज तीच ठेवून एखाद्याचा खाते क्रमांक बदलता येतो. छोट्या कारखान्यांत होणारी फसवणूक बहुधा याच वाटेने येते. कधी आतला माणूस ओळ बदलतो. कधी बाहेरून एक मेसेज येतो: "ताई, माझं खातं बदललंय, या महिन्यापासून पगार यात टाका," आणि नाव ओळखीच्या कामगाराचं असतं. या वर्कशॉपात त्यासाठी साधा नियम आहे. खातं बदलायचं, तर माणसाने स्वतः टेबलापाशी येऊन पासबुक दाखवायचं आणि मस्टरवर सही करायची. मालक मंजुरी देण्याआधी बाराही ओळी वाचत नाहीत. गेल्या महिन्याच्या तुलनेत ज्या खात्यांत बदल झाला आहे, तेवढ्याच ओळी बघतात. या महिन्यात अशी ओळ एकच आहे, नवव्या माणसाची.

तो नवा असल्यामुळे ताईंनी आणखी एक गोष्ट केली होती. १ एप्रिल २०२५पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना लाभार्थ्याचं बँकेत नोंदलेलं नाव बघण्याची सोय बँकांनी द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे. फाइल करण्याआधीच ताईंनी त्याचं खातं नेट बँकिंगवर स्वतंत्र लाभार्थी म्हणून टाकून पाहिलं. पडद्यावर त्याचंच नाव उमटलं, तेव्हा तो क्रमांक फाइलीत गेला.

मालकांनी मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला. नेमकं तेव्हाच इंटरनेट अडखळलं आणि पडदा पांढरा झाला.

अशा वेळी हात पुन्हा अपलोडकडे जातो, आणि तिथेच दुप्पट पगार होतो. एकदा दोनदा गेलेले पैसे परत मिळवायचे, तर प्रत्येक कामगाराच्या हातापाया पडण्याची वेळ येते. कोणी लगेच देतो, कोणी म्हणतो पुढच्या महिन्यात कापा, कोणी नोकरीच सोडून गेलेला असतो. म्हणून आधी बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायचं, चढवलेल्या फाइलींच्या यादीत स्थिती बघायची, आणि खात्यातून १,८६,४५० वजा झाले का ते पाहायचं. फाइलीचं नाव दर महिन्याला वेगळं ठेवलं, `SAL_OCT_01` असं काही, तर यादीत ती चटकन सापडते. एकाच नावाची फाइल दुसऱ्यांदा घेत नाहीत अशाही बँका आहेत, तिथे हेच नाव ढालीचं काम करतं. या वेळी यादीत स्थिती दिसली, फाइल प्रक्रियेत आहे. ताईंनी संगणक बंद केला.

रात्री आठपर्यंत फाइलीपुढे हिरवा शिक्का आला. पण या हिरव्या शिक्क्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. मालकाच्या बँकेतच खाती असलेल्या सात जणांपुरता त्याचा अर्थ पैसे पोचले असा आहे. उरलेल्या पाच जणांसाठी त्याचा अर्थ पैसे निघाले, एवढाच. एनईएफटी दिवसात अठ्ठेचाळीस खेपांत चालते, दर अर्ध्या तासाला एक. डिसेंबर २०१९पासून ती रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही सुरू असते. खेप पूर्ण झाल्यावर समोरच्या बँकेने दोन तासांत रक्कम जमा करायची, किंवा जमा करता येत नसेल तर परत पाठवायची. परत आलेली रक्कम मालकाच्या खात्यात गुपचूप येऊन बसते. फाइलीवरचा हिरवा शिक्का तसाच राहतो.

पाच तारखेला सकाळी बारावा माणूस टेबलापाशी आला. "ताई, सगळ्यांना मेसेज आला, मला नाही आला."

ताईंनी फाइल उघडली नाही, खात्याचं स्टेटमेंट उघडलं. आदल्या संध्याकाळी १,८६,४५० वजा झालेले. रात्री दहाच्या सुमारास १३,२९० जमा, सोबत यूटीआर क्रमांक आणि पैसे परत आल्याचा शेरा. खाते क्रमांक पासबुकाशी ताडून पाहिला, शून्यासकट बरोबर. आयएफएससीही बरोबर. सप्टेंबरपर्यंत याच खात्यात याच क्रमांकावर पगार जात होता.

क्रमांक चुकून तो दुसऱ्या कुणाचा निघाला असता, तर गोष्ट अवघड झाली असती. पैसे परत आलेच नसते, ते त्या परक्या खात्यात जाऊन बसले असते. बँक स्वतःहून ते काढून घेत नाही. त्या खातेदाराची संमती लागते, तो तयार नसेल तर तक्रार आणि पुढचं सगळं. म्हणून परत आलेला पैसा ही तशी चांगली बातमी असते.

पण इथे कारण काय? पासबुकाच्या पहिल्या पानावर उत्तर होतं. ते पूर्ण कागदपत्रं न घेता उघडलेलं छोटं खातं होतं. अशा खात्यात कधीही ५०,००० रुपयांहून जास्त शिल्लक चालत नाही, आणि एका आर्थिक वर्षात एकूण जमा एक लाखापर्यंतच. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दरमहा साधारण तेरा हजार, सात पगारांचे झाले एक्याण्णव हजार. नोव्हेंबरात येणारा आठवा पगार लाखाची रेघ ओलांडत होता. फाइलीत काहीच बदललं नव्हतं, खात्याची ओंजळ भरली होती.

मालकांनी त्याला दुपारची सुट्टी दिली. आधार आणि पॅन घेऊन तो शाखेत गेला, केवायसीचा अर्ज भरून आला. सहा तारखेला दुपारी बँकेतून फोन आला की खातं आता पूर्ण बचत खातं झालं आहे, क्रमांक तोच. ताईंनी एका ओळीची नवी फाइल केली, नाव `SAL_OCT_02`. वहीत लिहिलं: एक, १३,२९०. मालकांनी मंजुरी दिली तेव्हा पाच वाजून गेले होते. सव्वासातला शिफ्ट सुटताना बाराव्या माणसाने गेटपाशी मोबाइल वर धरून ताईंना मेसेज दाखवला. ताईंनी तरी दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेटमेंट उघडलं, तिथे जमेची नवी नोंद नाही हे बघितलं, आणि मग मस्टरवर त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली.